मेन्स हात, यूथ बोटं

कोकणात दुकानात जाऊन हातमोजे मागितले की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग छतावरच्या पंख्याकडे. इथे थंडीसाठी कोण मोजे घेणार! म्हणजे गिऱ्हाईक क्रिकेटचं, असं ठरवून तो आपली मिशी बघतो आणि बॅटिंग ग्लोव्हजची ‘मेन्स’ जोडी समोर टाकतो. वास्तविक बघायचा असतो हात.

शिंप्याची टेप पुरते. अंगठा सोडून पंजाच्या रुंद भागाभोवती घेर मोजायचा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या सुरकुतीपर्यंत लांबी. आता होडी ओढणाऱ्या एखाद्या रुंद पंजाचं माप घ्या: घेर 218 मिलिमीटर, लांबी 180. युरोपातल्या कामाच्या हातमोज्यांच्या कोष्टकात आठ नंबरला घेर 203 आणि लांबी 182, नऊला 229 आणि 192. म्हणजे पंजा म्हणतो नऊ, बोटं म्हणतात आठ. एकाच हाताचं एकमत नाही!

बॅटिंगला बोटांचं ऐकावं. मोजा एक सेंटिमीटर लांब झाला की रिकामं टोक मुठीत दुमडून बोट आणि हँडल यांच्या मध्ये येतं. त्याहून वाईट म्हणजे पॅडिंगच्या तुकड्यांमधल्या फटी बोटांच्या पेरांवर बसत नाहीत. कडक तुकडा नेमका पेरावर येतो, बोट वळत नाही आणि बॅट हातात फिरते. म्हणून दुकानात पंजा पसरून ऐटीत बघू नये. बॅट धरावी, मूठ वळवावी.

बॅटिंग ग्लोव्हजच्या बहुतेक याद्या लांबीवरच बेतलेल्या असतात. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण 180 ची लांबी बऱ्याचदा ‘यूथ’मध्ये पडते. खरी कळ इथेच! दोन मुलांचा बाप ‘यूथ’ असं छापलेलं पाकीट घरी कसं नेणार? मग तो मेन्स घेतो आणि दुकानदार धीर देतो, “वापरा काका, बसतला बरोबर.” तळव्याचं कातडं वापरून थोडं रुंदावतं, हे खरं. लांब बोट आखूड होत नाही. उलट यूथमध्ये अंगठ्याच्या बेचक्यात ताण येत असेल किंवा मनगटाचा पट्टा पुरत नसेल, तर नंबर न वाढवता रुंद कटाची दुसरी कंपनी बघावी.

सायकलच्या अर्ध्या बोटांच्या मोज्यांना टोकंच नसतात. तिथे घेराचं ऐकावं आणि भांडण मिटवावं. हिमाचलला निघालात तर मात्र टोकाशी किंचित जागा हवी. घट्ट मोज्यात हवेचा थर राहत नाही आणि बोटं गारठतात.

आपल्याकडे मे महिन्यात मोज्यात पाऊस आतून पडतो, म्हणून आत सुती इनर घालायचे असतील तर माप इनर घालूनच घ्यावं. भिजलेले मोजे पत्र्यावर उन्हात टाकू नयेत. कातडं ताठ होतं आणि एवढं जमवलेलं माप पुन्हा बिघडतं. सावलीत, वाऱ्यावर, बोटं वर करून ठेवावेत.