'हँडसम' फक्त मुलगे नसतात आणि 'गॉर्जस' ही वरची पायरी नाही

फिरत असलेला मेसेज असा आहे : "सोपं इंग्रजी! १) मुलगा असेल तर हँडसम, मुलगी असेल तर प्रिटी. उलट वापरलं तर हसं होतं. २) वस्तूंना हे शब्द लावू नका, तिथे नाइस किंवा ब्यूटिफुल म्हणा. ३) चढता क्रम पाठ करा : ॲट्रॅक्टिव्ह, प्रिटी, एलिगंट, गॉर्जस. जितकं जास्त सुंदर, तितका पुढचा शब्द. ४) शंका आली तर ॲट्रॅक्टिव्ह वापरा, तो कुणालाही चालतो."

पहिला नियम निम्मा बरोबर आहे आणि म्हणूनच तो कुणाला खटकत नाही. पुतण्याला हँडसम आणि भाचीला प्रिटी म्हटलं तर काहीच बिघडत नाही. पण त्यामागचं कारण मेसेजने चुकीचं दिलं आहे. हे शब्द समोर बाई आहे की पुरुष हे पाहून निवडले जात नाहीत. देखणेपण कोणत्या जातीचं आहे, ते पाहून निवडले जातात. एवढं एक लक्षात आलं की बाकीचे तीन नियम आपोआप ढासळतात.

हँडसमपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे. या शब्दात हँड, म्हणजे हात आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ 'हाताळायला सोयीचं' असा होता. त्यावरून 'योग्य, नीट बेतलेलं', मग 'बऱ्यापैकी मोठं', 'सढळ हाताचं' असे अर्थ फुटले. रूपाबद्दलचा अर्थही त्याच रांगेतला आहे. म्हणून हँडसम म्हटलं की आकार, प्रमाण आणि भरीवपणा आलाच. हिंजवडीत नोकरी लागलेल्या मुलाबद्दल 'हँडसम पॅकेज मिळालं' असं आपण मराठीत बोलतानाही म्हणतो, तेव्हा पॅकेज काही मुलगा नसतं. आपल्या 'घसघशीत'चं जे काम, तेच तिथे हँडसम करतो.

मग वस्तूंना तो का नाही चालणार? १८९२ सालचा आगाखान पॅलेस घ्या. ओळीने कमानी, लांब व्हरांडे, समोर मोकळी हिरवळ. इंग्रजीत त्याला 'अ हँडसम बिल्डिंग' म्हणणं अगदी चपखल आहे, आणि 'अ प्रिटी बिल्डिंग' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कौलारू घर आणि दारातल्या कुंड्या येतील. सागवानी कपाट, जाड कातडी बांधणीचं पुस्तक, चांगल्या चालीचा घोडा, सगळं हँडसम. दुसऱ्या नियमाबद्दल याहून जास्त बोलायला नको.

आता बायकांबद्दल. जेन ऑस्टिनच्या १८१५ साली आलेल्या 'एमा' या कादंबरीत पहिल्याच वाक्यात नायिकेला हँडसम म्हटलं आहे, आणि ती तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचीही नाही. त्या काळी यात काही नवल नव्हतं. पुढे अर्थ आकसत गेला. आज 'अ हँडसम वुमन' म्हटलं तर ठसठशीत चेहरा, ताठ बांधा, चालण्याबोलण्यात रुबाब आणि बहुधा तारुण्य ओलांडलेलं वय, असं चित्र उभं राहतं. आपल्याकडचा 'देखणी' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो, कारण देखणा मुलगा, देखणी बाई आणि देखणं घर अशी तिन्ही लिंगं तो सहज फिरतो. फक्त त्यात रुबाबाची भर घालावी लागते.

मात्र इथे मर्यादा आहे. वर्णन लिहिताना हा शब्द सुंदर बसतो, तोंडावर म्हणताना धोका असतो. 'यू आर अ हँडसम वुमन' ऐकून समोरचीला 'पुरुषी दिसते' किंवा 'वय दिसतं' असं ऐकू येऊ शकतं. समोरासमोर असाल तर दुसरा शब्द शोधा.

प्रिटीचा प्रवास उलट दिशेचा. जुन्या इंग्रजीत तो चलाख, लबाड माणसाला लावत. मग 'कसबी', मग 'सुबक', मग 'गोड दिसणारं'. यातलं हलकेपण आणि लहानखुरेपण त्याला अजून चिकटलेलं आहे. तुळशीबागेतली कानातली प्रिटी, पांढऱ्यावर बारीक फुलांचा फ्रॉक प्रिटी, एखादी छोटी धूनही प्रिटी. पुरुषाला तो लावला की बहुतेकदा टोमणा होतो. 'प्रिटी बॉय' म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचा, कामाला बिनकामाचा, असा सूर असतो. कोरियन गायकांच्या चाहत्या हल्ली तो कौतुकानेही म्हणतात, पण ते त्यांच्या गोटातलं बोलणं झालं. ऑफिसात तसं म्हणून पाहू नये.

प्रिटीचा खरा खड्डा वेगळाच आहे, आणि मेसेजने त्याचं नावही काढलेलं नाही. दुसऱ्या विशेषणाआधी आला की हा शब्द रूपाबद्दल बोलायचं सोडून 'बऱ्यापैकी' असा अर्थ देतो. 'प्रिटी टायर्ड' म्हणजे चांगलीच दमलेली. 'प्रिटी अग्ली' हाही बिनचूक प्रयोग आहे आणि त्यात गोडवा औषधालाही नाही. ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. 'अ प्रिटी एक्स्पेन्सिव्ह सारी' असं लिहिलं तर गिऱ्हाइकाला 'बऱ्यापैकी महाग साडी' एवढंच कळतं. मध्ये स्वल्पविराम दिला तर 'सुरेख आणि महाग' असा अर्थ निघतो, पण स्वल्पविरामावर धंदा टाकण्यापेक्षा शब्द बदलणं बरं. सोबत 'लिटल' असेल तर प्रिटी त्याच्या आधी ठेवावा आणि रंग शेवटी : प्रिटी, मग लिटल, मग ब्लू. इथे 'लिटल'मुळे घोळ होत नाही, कारण 'बऱ्यापैकी चिमुकला' असं कुणी म्हणत नाही.

तिसऱ्या नियमातली शिडी मुळात शिडीच नाही. एलिगंट हा गॉर्जसच्या खालचा शब्द नाही, जवळजवळ त्याच्या विरुद्ध टोकाचा आहे.

एलिगंट ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ 'निवडणे'. काय घेतलं याइतकंच काय सोडलं हे त्यात मोजलं जातं. म्हणून गणितात हा शब्द फार चालतो. एक ते शंभर आकड्यांची बेरीज एकेक करत केली तरी उत्तर ५०५० येतं. पण १ आणि १००, २ आणि ९९ अशा जोड्या लावल्या की प्रत्येक जोडी १०१ ची, जोड्या ५०, गुणाकार केला की काम संपलं. उत्तर तेच, पण एलिगंट ही दुसरी रीत. साडीलाही हीच कसोटी. एकरंगी सुती साडी, बारीक काठ, कानात मोती आणि बाकी काही नाही, याला एलिगंट म्हणतात, मग साडी आठशेची का असेना. महाग म्हणजे एलिगंट हा गैरसमज लक्ष्मी रोडवरच्या बऱ्याच पाट्यांनी पोसला आहे. माणसाला हा शब्द लावताना बहुधा चेहऱ्याबद्दल बोलत नसतात, पेहराव, वावर आणि डौल यांबद्दल बोलत असतात. त्यामुळे तो बाईला, पुरुषाला, म्हाताऱ्याला, कुणालाही शोभतो.

गॉर्जसला उलट श्रीमंती लागते, रंगाची, प्रकाशाची, भरगच्चपणाची. जरीच्या पदरावर मोर नाचणारी पैठणी गॉर्जस. पावसाळ्यात सिंहगडावर ढग फाटून एकदम ऊन पडतं, तो देखावा गॉर्जस. बोलताना इंग्रज लोक चांगल्या हवेला आणि केकलाही गॉर्जस म्हणतात. माणसाला म्हटलं तर बाई आणि पुरुष दोघांनाही चालतं, पण त्यात उत्साह इतका असतो की औपचारिक पत्रात तो भडक दिसतो. शिवाय 'जास्त सुंदर' हा अर्थ त्याच्या पोटातच असल्यामुळे 'व्हेरी गॉर्जस' कानाला खटकतं. 'व्हेरी ब्यूटिफुल' म्हणा, पण गॉर्जसच्या आधी जोर हवाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली'. आपण 'खूप अप्रतिम' म्हणत नाही, तसंच ते.

चौथा नियम सगळ्यात घातक, कारण त्यात ॲट्रॅक्टिव्ह 'कुणालाही चालतो' असं म्हटलं आहे. मराठीतला 'आकर्षक' अगदी सोवळा आहे. गणपतीत आकर्षक आरास, दिवाळीत आकर्षक सूट, सत्काराच्या भाषणात आकर्षक व्यक्तिमत्त्व, कुणाची भुवईही वर जात नाही. ऑफर, किंमत, जागा यांना इंग्रजीतही ॲट्रॅक्टिव्ह तितक्याच सहज लागतो. माणसापाशी आला की मात्र रंग बदलतो. प्रिटी किंवा हँडसम समोरच्याबद्दल सांगतात, ॲट्रॅक्टिव्ह पाहणाऱ्याला वाटणाऱ्या ओढीबद्दलही सांगतो. सहकारी बाईला 'यू लुक ॲट्रॅक्टिव्ह टुडे' म्हणणं म्हणजे 'मला तुमची ओढ वाटते' असं म्हणण्याच्या फार जवळ जाणं. तिथे 'यू लुक व्हेरी स्मार्ट' किंवा 'दॅट्स अ लव्हली सारी' म्हणावं. स्मार्ट म्हणजे इथे हुशार नव्हे, नीटनेटका पोशाख केलेला. साडीला लव्हली म्हटलं की कौतुक माणसावरून साडीवर सरकतं आणि दोघांचीही सोय होते. मुलीच्या बायोडाटात आईवडिलांनी 'अवर डॉटर इज ॲट्रॅक्टिव्ह' लिहिणंही याच कारणाने अवघड दिसतं.

हे सगळं एका फोटोवर लावून पाहा. पुण्यातल्या एखाद्या कार्यालयातलं लग्न, परदेशातल्या नातेवाइकांसाठी फोटोंखाली इंग्रजी ओळी लिहायच्या आहेत. विधीच्या वेळच्या पिवळ्या अष्टपुत्रीत नवरी, अंगावर मोजके दागिने : एलिगंट. तीच संध्याकाळी भरजरी शालूत, नथ, दिव्यांचा झगमगाट : गॉर्जस. चार वर्षांची पुतणी खणाच्या परकर-पोलक्यात : प्रिटी, आणि तिच्याबाबतीत ॲट्रॅक्टिव्ह हा शब्द मनातसुद्धा आणायचा नाही. फेटा बांधलेला नवरा हँडसम, यात मेसेजशी भांडण नाही. इरकली नऊवारी नेसून ताठ बसलेल्या ऐंशीच्या आजींना तुम्ही मनात हँडसम म्हणाल आणि तेच बरोबर आहे, पण ओळ त्यांची नातसून त्यांना वाचून दाखवणार असेल तर एलिगंट लिहा. हॉलचं भाडं पाहुण्यांना कळवायचं तर 'ॲन ॲट्रॅक्टिव्ह रेट' चालेल, ते परवडलं असेल तर.

राहिलं आहेराच्या टेबलावरचं तांबट आळीतलं घंगाळ. जाड पत्र्याचं, अंगभर हातोडीने मठारलेलं, उचलायला दोन माणसं लागणारं. ते प्रिटी नाही, कारण त्यात नाजूक काही नाही. ज्या काकांनी ते दिलं, त्यांना आभाराचं कार्ड लिहायचं असेल तर 'अ हँडसम गिफ्ट' लिहा. देखणी भेट आणि घसघशीत भेट असे दोन्ही अर्थ त्यात आहेत, काकांनी कोणताही घेतला तरी चालेल.