आमच्या बाथरूमचं दार आणि सासूबाईंचा चहा

आमच्या घरी सकाळी गजर लागत नाही, बाथरूमचं दार लागतं. म्हणजे लागायचं. खडड... टक... टक... टक... टक... धप्प. धप्प म्हणजे आमचे हे अंघोळ करून बाहेर आले, आणि त्या धप्पवर स्वयंपाकघरात सासूबाई चहाचं आधण टाकायच्या. इतकी शिस्त घरातल्या कुणात नाही.

वाकडला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने 'प्रीमियम फिटिंग' म्हणून काचेचं सरकतं दार दिलं होतं, वर स्टीलची पट्टी, तिच्यावरून पळणारी दोन चाकं, चाकांना लटकलेली काच, आणि काचेच्या खालच्या कडेला पारदर्शक रबरासारखी एक पट्टी जी ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला टेकलेली असते, म्हणजे पाणी आतल्या आत. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "अगं, अंघोळीला दुकानाची काच कशाला?" तेव्हा मला राग आला होता. आता तारीख घालून त्यांचं वाक्य फ्रेम करून लावावं असं वाटतं.

तर पाचेक वर्षांनी दार वाजायला लागलं आणि मग गळायलाही लागलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात, दार जिथे बंद होतं तिथे, रोज एक छोटं तळं. पायपुसणं सकाळी ओलं, दुपारी ओलं, रात्री वास. मी सरळ हिशोब केला, पाणी खालून येतंय म्हणजे खालची पट्टी गेली. पट्टी खरंच पिवळी पडून कडक झाली होती, नखाने दाबली तर कट्ट करून मोडली. ऑनलाइन मागवली. ती आली तर काचेवर अशी सैल की दार सरकवलं की पट्टी मागे राहायची. कारण आमची काच 8 मिलीमीटरची आणि मी अंदाजाने 10 ची मागवलेली. हे पट्टी प्रकरण कपड्यासारखं नाही, की थोडी मोठी घेतली तर वाढत्या अंगाला होईल. काचेची जाडी मोजूनच घ्यावी लागते. मुलगा अकरावीला आहे, तो म्हणाला, "आई, व्हर्नियर देऊ का?" प्रॅक्टिकलच्या बाहेर ते व्हर्नियर पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आलं असेल.

दुसऱ्यांदा 8 ची मागवली, पण पट्टीखाली जो मऊ पदर लोंबतो ना, त्याची लांबीही निवडायची असते. मी सगळ्यात लांब घेतला. जास्त लांब म्हणजे जास्त सुरक्षित, हा विचार मी साडीच्या फॉलपासून करत आलेय. शिवाय बसवली उलटी! तो पदर थोडा तिरका असतो, त्याचा उतार शॉवरच्या बाजूला यायला हवा म्हणजे काचेवरून ओघळलेलं पाणी आत पडतं, माझा उतार बाहेर, म्हणजे मी पाण्याला हात धरून हॉलपर्यंत सोडायला निघाले होते. फिरवून बसवली तरी तळं तिथेच, आणि आता दार ओढायला दोन हात लागायला लागले कारण भिंतीकडच्या टोकाला पदर चेपून दुमडला होता.

मग प्लंबर बोलावला. त्याने पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, "ताई, सिलिकॉन मारतो, टेन्शनच नाय." उंबऱ्यावर दाराखालून त्याने सिलिकॉनचा छान बांध घातला, पैसे घेतले, गेला. कुठल्याही न हलणाऱ्या फटीत सिलिकॉन उत्तम, पण हे दार आहे हो, ते सरकतं! रात्रभरात बांध घट्ट झाला आणि पदर त्यात चिकटून बसला. सकाळी आमचे हे आत होते. खडड झालं, टक नाही, धप्प तर नाहीच. नुसता आवाज आला, "अगं ऐकलंस का, दार उघडत नाहीये." सासूबाई गॅसजवळ पातेलं घेऊन उभ्या. शेवटी मी बाहेरून पोळ्यांच्या उलथन्याने बांध खरवडला. ते उलथनं नंतर सासूबाईंनी भांडीवालीला देऊन टाकलं.

त्या दिवशी दुपारी मी एकटीच बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले आणि दाराकडे नुसतं बघत राहिले, आणि मला दोन गोष्टी दिसल्या ज्या सहा महिने रोज समोर होत्या. एक, दार बंद केलं की काचेची कड वरच्या बाजूला भिंतीला टेकते आणि खाली मात्र करंगळी जाईल एवढी फट, सरळ पाचर! दोन, उंबरा आणि काच यांच्यामधली जागा डावीकडे 8 मिलीमीटर आणि भिंतीकडे 4. म्हणजे दार वाकडं लटकत होतं. भिंतीकडचा कोपरा खाली बसलेला, म्हणून तिथे पदर चेपतो, आणि उभ्या कडेला पाचर पडली म्हणून पाणी तिथून बाहेर. मी खालची पट्टी बदलत बसले होते आणि दुखणं वर चाकात होतं. वर तीन मिलीमीटर खाली बसलं की इतक्या उंच दाराच्या तळाशी भिंतीकडे बोटभर फट पडते, हे गणित मुलाने मला कागदावर दाखवलं, मी हो हो म्हटलं.

चाकाचीच खोड आहे हे नक्की करायला मी त्या टकटकीचा माग काढला. वरच्या पट्टीवर मार्करने, टक होताना चाक जिथे असेल तिथे रेघ. रेघा बरोबर चौदा-चौदा सेंटीमीटरवर आल्या. आमचं चाक साधारण 45 मिलीमीटरचं, त्याचा घेर तेवढाच भरतो, म्हणजे चाक एक फेरी मारतं आणि त्याची चपटी बाजू खाली आली की टक. रोज एकाच जागी टक झालं असतं तर दोष वरच्या पट्टीचा, तिथे खड्डा किंवा कचरा. पण सारख्या अंतरावर टक म्हणजे चाकच चपटं झालंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बैलगाडीचंही असंच असतं, आमच्याकडे गाडीवान आवाजावरून सांगायचा." सहा महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता चाक चपटं का होतं? नायलॉनचं असतं, आत बेअरिंग. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी, खारं इतकं की नळाला पांढरी दाढी येते. त्यात मी दर रविवारी डाग काढायला ते ॲसिडवालं लिक्विड काचेवर वरून मारायचे, ओघळ आणि वाफ थेट चाकात. बेअरिंगला गंज चढला, चाक मधूनमधून अडायला लागलं, आणि अडलेलं चाक घासतच ओढलं गेलं की एका बाजूने झिजणारच. म्हणजे मुख्य आरोपी मीच निघाले, हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

चाकांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, जुनं चाक पिशवीत घालून, कारण नावं सांगून काही उपयोग नसतो, दुकानदार नमुनाच मागतो. त्याने चाकाचा व्यास, खाचेची रुंदी, आणि बोल्ट काचेतल्या ज्या भोकातून जातो त्याचा व्यास असं तीनही मोजलं. भोक जुळलं नाही तर काही करता येत नाही, कारण कडक केलेल्या काचेत नवं भोक पाडता येत नाही, ड्रिल लागलं की अख्खी काच चुरा होऊन खाली. "दोन्ही चाकं बदला हं वहिनी," तो म्हणाला, "एकच बदललंत तर नवं उंच, जुनं बसकं, परत वाकडं." बेअरिंग स्टेनलेसची मागून घेतली.

रविवारी ऑपरेशन. दार अंदाजे 70 सेंटीमीटर रुंद आणि 190 उंच, 8 मिलीमीटर काच, वजन साडेसव्वीस किलो भरतं, तांदळाच्या मोठ्या गोणीपेक्षा जास्त आणि गोणीला निदान कानाला धरता येतं. वरच्या पट्टीखाली चाकांच्या पोटाशी दोन छोटी बटणं असतात, दार उसळून निघू नये म्हणून, ती आधी खाली घ्यायची, मग दोघांनी काच उचलून रुळावरून बाहेर. मुलगा एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला, मी सूचना. सगळ्यात भीती कोपऱ्यांची. पोटावर ही काच बराच मार सोसते, पण कोपरा फरशीला टेकला तर गेलीच. म्हणून खाली चौघडी गोधडी. सासूबाई दारात उभ्या राहून "हळू रे, हळू" म्हणत होत्या, त्याने दोघांचाही ताल चुकत होता.

नवी चाकं बसवताना काच आणि धातू यांच्यामध्ये रबराची चकती आणि भोकात प्लॅस्टिकची बुशी जायलाच हवी, धातू थेट काचेला लागता कामा नये, आणि बोल्ट आवळायचा तोही पिळून नाही. आमचे हे पिळायला लागले तेव्हा मी हातातलं षटकोनी चावीचं आयुध काढून घेतलं. त्या चाकांच्या बोल्टचा आस मुद्दाम मधोमध नसतो, चावीने फिरवलं की चाक दोन-तीन मिलीमीटर वर-खाली होतं. ते फिरवत फिरवत दोन्ही टोकांना उंबऱ्यापासून 7 मिलीमीटर आणलं. बंद केलं, पाचर गायब. इतका आनंद मला मुलाच्या दहावीच्या निकालाला झाला होता.

आणि पट्टी आता, सगळ्यात शेवटी! दार सरळ होईपर्यंत फट किती हेच खरं कळत नाही. सात मिलीमीटरच्या फटीला आठचा पदर घेतला, जेमतेम वाकून टेकेल इतका. दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवली, मऊ झाली, मग काचेवर एका टोकापासून दाबत नेली, डिंक नाही, सिलिकॉन नाही. जास्तीचं टोक बारीक करवतीने कापलं. बाहेर वर्तमानपत्र पसरून आतून हँडशॉवर सोडला, दहा मिनिटांनी पेपर कोरडा. राशीभविष्यसुद्धा वाचता येत होतं.

सोमवारी सकाळी हे अंघोळ करून बाहेर आले. दार लोण्यासारखं सरकलं, आवाज शून्य. हे टेबलावर येऊन बसले, पेपर उघडला, पाच मिनिटांनी इकडेतिकडे बघत म्हणाले, "चहा?"

सासूबाई देवघरातून ओरडल्या, "अजून अंघोळच चाललीये ना तुझी!"

आता त्यांनी यांना बाहेर पडताना कडीला चमचा वाजवायला सांगितलंय.