‘काम करता का?’ ‘नाही, घरीच असते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: मॅडम, वीस वर्षं सर्वेक्षणात सुपरवायझर आहे. दहा बायकांना ‘मोठ्यानं विचार करा’ म्हणून बसवायचं आणि त्यावरून प्रश्न बदलायचे, हे शहरी खूळ वाटतं. शेतातल्या बाईला एकदा सांगून बघा. आणि दहा म्हणजे काय नमुना झाला का? आम्ही मुख्य सर्वेक्षणाआधी पन्नास घरांची चाचणी, पायलट घेतो, प्रश्न अडला तर तिथंच कळतं. मग हा वेगळा खर्च कशाला?

उत्तर:

सर, सर्वेक्षणाआधी थोड्या बायकांशी सविस्तर बोलून त्या प्रश्नाचा अर्थ काय घेतात ते बघावं, असं माझं म्हणणं होतं. तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे. अडलेला प्रश्न पायलटमध्ये कळतो, हे खरं. पण मला भीती असते ती न अडणाऱ्या प्रश्नाची. बाई पटकन उत्तर देते, पोरगा टॅबवर पर्याय दाबतो, फॉर्म स्वच्छ येतो आणि उत्तर चुकलेलं असतं. पन्नास काय, पाचशे घरं केलीत तरी ते दिसणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते. प्रश्न साधा होता: ‘गेल्या सात दिवसांत तुम्ही किमान एक तास तरी काही काम केलं का?’ सात दिवसांत एक तास, ही मोजणी पीएलएफएस या केंद्र सरकारच्या रोजगार सर्वेक्षणातही आहे. चाळिशीतल्या एक बाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या, ‘नाही. घरीच असते.’ पायलटमध्ये इथं पुढचा प्रश्न आला असता. मी थांबले आणि विचारलं, ‘काम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं?’

‘कामाला जाणं. दुसऱ्याच्या रानात, रोजानं. मी कुठं जाते कामाला?’

‘बरं, काल सकाळी उठल्यापासून सांगा.’

मग निघालं सगळं. दोन गाईंची धार काढली, वैरण कापून आणली, उन्हं चढेपर्यंत कांद्यात खुरपलं. दूध डेअरीला नवऱ्यानं घातलं आणि डेअरीचं कार्डही त्याच्याच नावाचं. पीएलएफएसच्या कोडात ही बाई २१ मध्ये हवी, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी. आमच्या त्या प्रश्नानं ती ९२ मध्ये गेली असती, म्हणजे फक्त घरकाम. ती खोटं बोलली नव्हती. मराठीत ‘काम करणं’ आणि ‘कामाला जाणं’ यांच्यात अंतर आहे. प्रश्न मी लिहिताना पहिलं धरलं होतं, तिनं ऐकताना दुसरं धरलं.

त्याच दिवशी शेजारच्या बाईनं वेगळंच कारण दिलं. ती दोन दिवस भावकीच्या रानात सावडीनं, म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे अशा बोलीवर, खुरपायला गेली होती. ‘पैसे कुठं मिळाले? ते काय काम न्हवं, ते आपलं देणं-घेणं.’ म्हणजे एकीला काम म्हणजे परक्याचं रान, दुसरीला काम म्हणजे पैसे. उत्तर मात्र दोघींचं एकच, ‘नाही’.

‘सात दिवस’ही तसंच निघालं. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा आठवडाच म्हणायचा असतो. शहरातल्या माणसाचा आठवडा सोमवारपासून चालू होतो, आणि त्या गावात तो बाजारापासून बाजारापर्यंत होता. ‘कुठल्या दिवसापासून धरलंत?’ एवढं विचारल्यावर तिघींनी बाजाराचा वार सांगितला, आणि बाजार होऊन चारच दिवस झाले होते. पुढच्या फेरीत आम्ही वाराचं नाव घेऊनच विचारलं: ‘गेल्या बुधवारपासून कालपर्यंत’.

आता मोठ्यानं विचार करण्याबद्दल. इथं तुम्ही बरंचसं बरोबर आहात. शुद्ध थिंक-अलाउड, म्हणजे माणसानं उत्तर शोधताना मनात येईल ते बोलत जायचं आणि आपण फक्त ‘बोलत राहा’ म्हणायचं, हे फार थोड्यांना जमतं. त्यात शहर-खेड्याचा प्रश्न नाही, पुण्यातले प्राध्यापकही गप्प बसतात नाहीतर व्याख्यान देतात. सरावासाठी या पद्धतीवर लिहिणारे संशोधक गॉर्डन विलिस यांनी सुचवलेला एक प्रश्न आहे: घराला खिडक्या किती ते डोळ्यापुढं आणा आणि मोजताना बोलत जा. मी तो दोन खोल्यांच्या घरात विचारला. ‘दोन,’ बाई म्हणाल्या. संपला सराव! तेव्हापासून मी विचारते, ‘दिवाळीत तुमच्या घरी कोण कोण येऊन गेलं, मोजा बघू.’ मग मोठी नणंद, तिची पोरं, ‘अगं हो, मामंजीही आले होते’ अशी आठवण कशी उलगडते ते ऐकू येतं, आणि पुढच्या प्रश्नाला त्याच सुरात बोला म्हणता येतं.

तरीही माझी बरीचशी मुलाखत खोदून विचारण्यावर चालते. ‘प्रश्न समजला का?’ हे मात्र कधीच विचारायचं नाही. पाहुण्या बाईला कोण ‘नाही’ म्हणेल? विचारायचं ते असं: हा प्रश्न तुमच्या जावेला तुम्ही कसा विचाराल? दोन तास म्हणालात, ते कसे मोजले? यातही धोका आहेच. फार खोदलं तर माणूस त्या क्षणी अर्थ रचून देतो, नसलेली अडचणही उभी राहते. म्हणून उत्तर आधी येऊ द्यायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि मगच खोदायचं. ज्या अडचणीचा माग मूळ उत्तरात लागत नाही तिच्यावर मी प्रश्न बदलत नाही.

दुरुस्तीत ‘काम’ हा शब्दच काढला आणि एका प्रश्नाचे तीन केले: रोजानं किंवा पगारावर कुठं गेलात का; घरच्या रानात किंवा जनावरांचं काही केलंत का, पैसे मिळोत न मिळोत; विकण्यासाठी घरी काही केलंत का, शिवण, पापड, दुकान. दुसऱ्या फेरीत आमचाच शब्द आमच्यावर उलटला. जनावर नसलेल्या एका आजींनी ‘जनावरांचं’ याला ‘हो’ म्हटलं. त्या रस्त्यावरचं शेण गोळा करून घरच्या चुलीसाठी गोवऱ्या थापत होत्या. फुकट गोळा करून घरात वापरायच्या वस्तूंचा कोड ९३, पशुपालन नव्हे. मग ‘तुमच्या घरच्या जनावरांचं, धार, वैरण, चरायला नेणं’ असं फोडून लिहावं लागलं. सावड अजूनही नीट बसलेली नाही. तिला वेगळा प्रश्न द्यावा लागेल असं मला वाटतं, आमच्यातल्या एकाला तो जास्तीचा वाटतो.

दहा हा नमुना नाहीच. किती टक्के बायका चुकतात हे त्यावरून मी सांगत नाही आणि कुणी सांगितलं तर मानू नका. पण एका बाईनं जरी ‘काम’चा अर्थ ‘कामाला जाणं’ असा घेतला आणि त्यामागचं कारण तिच्या बोलीत असलं, तर ती बोली बोलणाऱ्या बाकीच्यांचं काय होणार हे कळायला टक्केवारी लागत नाही. उलट बाजू मात्र लंगडी आहे. दहा जणींत काही सापडलं नाही म्हणजे प्रश्न निर्दोष, असं होत नाही. ब्लेअर आणि कॉनरॅड या संशोधकांनी २०११ साली ९० मुलाखतींवर हेच तपासलं होतं: लहान नमुन्यात बऱ्याच अडचणी निसटतात, त्यात गंभीरही असतात. म्हणून मी दहा एकाच गावात घेत नाही. रान असलेल्या, नसलेल्या, वयानं वेगळ्या, दुसऱ्या तालुक्यातून लग्न होऊन आलेल्या अशा निवडते. फेरी झाली की प्रश्न बदलून पुन्हा नव्या बायकांकडे जाते.

आणि पायलट मी सोडलेला नाही, सर. तिघा पोरांच्या रेकॉर्डिंग ऐकताना त्यातल्या एकानं चौथ्या घरापासून तिन्ही प्रश्न गुंडाळून ‘काही कामधंदा करता का, मावशी?’ असं विचारायला सुरुवात केल्याचं सापडलं. आणि मावश्या म्हणत होत्या, ‘नाही रे, घरीच असते.’