लसूण-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज निघत नाही

हृदयाच्या ब्लॉकेजवर असा एक घरगुती उपाय सांगितला जातो: «एक कप लिंबाचा रस, एक कप आल्याचा रस, एक कप लसणाचा रस, एक कप ॲपल व्हिनेगर. चार कपांचे तीन कप होईपर्यंत मंद आचेवर आटवा, गार झाल्यावर तीन कप मध घाला. रोज उपाशीपोटी तीन मोठे चमचे. हृदयातले सगळे ब्लॉकेज मोकळे होतील, बायपास टळेल. जेवताना कच्चा कांदा खा, रक्त पातळ राहील.»

ब्लॉकेज मोकळे होतील. नाही होणार. ब्लॉकेज धमनीच्या आतल्या पोकळीत साचलेला मळ नसतो. तो धमनीच्या भिंतीतच, आतल्या अस्तराखाली, वर्षानुवर्षं वाढत जातो. त्यात कोलेस्टेरॉल असतं, पेशी असतात, तंतू असतात आणि पुढे कॅल्शियमही जमतं. पोटात गेलेला कुठलाही रस तिथे पोचून तो विरघळवत नाही. डॉक्टर देतात त्या स्टॅटिनच्या गोळ्यासुद्धा तो धुऊन काढत नाहीत. त्या एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आणतात, ब्लॉकेजची वाढ रोखतात आणि तो फुटून गुठळी होण्याचा धोका कमी करतात.

लसणाचा रस आटवा. लसणाचा सगळा दबदबा ज्या ॲलिसिनमुळे आहे, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळीत ॲलिइन नावाचं द्रव्य एका जागी आणि ॲलिनेज हे एन्झाइम दुसऱ्या जागी असतं. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास त्याचाच. म्हणून अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळण्यात फारसा अर्थ नाही, कारण पोटातल्या आम्लात ते एन्झाइम निकामी होतं. रस काढताना ॲलिसिन बनतं खरं, पण ते नाजूक असतं. इतका वेळ आटवलं की ते मोडतं आणि त्यातून बनलेली गंधकयुक्त द्रव्यं बऱ्याच अंशी वाफेबरोबर उडून जातात. भाजीत लसूण घालायचाच असेल तर ठेचून दहाएक मिनिटं तसाच ठेवावा आणि मग फोडणीत टाकावा. गुण थोडे जास्त टिकतात.

आणि कच्चा, ठेचलेला लसूण खाल्ला तर? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने याची नीट परीक्षा घेतली. एलडीएल मध्यम वाढलेल्या 192 जणांचे गट केले. कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या गोळ्या, तर कुणाला लसूण नसलेल्या दिखाऊ गोळ्या दिल्या. मात्रा साधारण रोज एक मोठी पाकळी, आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने. 2007 साली निकाल छापून आला: कुठल्याच गटात एलडीएल म्हणण्यासारखं हललं नाही. लसणाच्या गोळ्यांवरच्या इतर काही चाचण्यांत एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं, आणि बीपी आधीच वाढलेल्यांचं वरचं बीपीही काही अंकांनी खाली आलं. पण त्या चाचण्या बऱ्याचशा लहान आहेत. एवढ्यावर बीपीची गोळी सोडणं धोक्याचं आहे.

तीन कप मध. या कृतीत मला सगळ्यात खटकतं ते हेच. तयार काढ्यात निम्मा मध असतो. तीन मोठे चमचे म्हणजे सुमारे 45 मिली. त्यात बावीसेक मिली, म्हणजे तीसेक ग्रॅम मध आला आणि त्यातली साखर जवळपास 25 ग्रॅम. चहाचे पाच चमचे साखर, तीही उपाशीपोटी. हृदयरोग्यांपैकी कितीतरी जणांना मधुमेहही असतो. शिवाय लिंबू आणि व्हिनेगरने ॲसिडिटी वाढते, दातही आंबतात.

आलं. आल्यातल्या जिंजेरॉलचा भरवशाचा उपयोग मळमळीवर आहे. वाळवून सुंठ केली की त्यातलं काही जिंजेरॉल शोगाओलमध्ये बदलतं आणि तिखटपणा वाढतो. गरोदरपणातल्या मळमळीवर दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ, विभागून, हा बऱ्यापैकी तपासलेला उपाय आहे. तरीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ब्लॉकेजशी त्याचा संबंध नाही.

कांदा. कांद्यात क्वेरसेटिन नावाचं द्रव्य असतं, विशेषतः लाल कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत, म्हणून सोलताना जाड थर काढून टाकू नये. जेवणातल्या कांद्याने औषधाइतकं रक्त पातळ होत नाही.

बायपास टळेल. इथे खरी हानी होते. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवला की पुढचे काही महिने ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी रोखणारी दुसरी गोळी सहसा चालू असते. «आता काढा सुरू केलाय» म्हणून त्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. उलट, त्या गोळ्यांबरोबर किंवा रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर लसणाचा अर्क रोज भरपूर घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण लसूण रक्तातल्या, गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्सचं चिकटणं थोडं कमी करतो. भाजीतल्या लसणाची चिंता नको. पण काढा किंवा कॅप्सूल चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, आणि ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर त्या डॉक्टरांनाही आठवडाभर आधी कळवा.