पीपीएफमधले ‘निम्मे पैसे’ नेमके कशाचे निम्मे?

फॉरवर्ड होत फिरणारा दावा: “बँकेत पीपीएफ खातं उघडा. पाच वर्षं झाली की खात्यातले निम्मे पैसे काढता येतात. व्याज दर महिन्याला जमा होतं, त्यामुळे व्याजावर महिन्याला व्याज. मुलाच्या नावाने आणखी एक खातं काढलं की वर्षाला तीन लाख भरता येतात.”

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पहिल्या वाक्यात. पाच वर्षं मोजायची ती खातं उघडलेल्या तारखेपासून नाही, तर ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. समजा, एप्रिल 2020 मध्ये खातं उघडलं. 31 मार्च 2021 पासून पाच वर्षं, म्हणजे पैसे काढता येतात 1 एप्रिल 2026 पासून. पंधरा वर्षांची मुदतही अशीच मोजतात, म्हणून हे खातं पिकतं 2036 च्या मार्चअखेर. प्रत्यक्षात जवळपास सोळा वर्षं.

आता निम्मे कशाचे? चार वर्षांमागच्या वर्षाअखेरची शिल्लक आणि गेल्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतली जी कमी असेल तिच्या निम्मे. याच खात्यात दर एप्रिलला, 5 तारखेच्या आत, एक लाख भरले आणि व्याजदर सलग 7.1 टक्के धरला, तर मार्च 2026 अखेर साधारण 7 लाख 68 हजार होतात. माणूस 3 लाख 84 हजारांच्या भरवशावर शाखेत जातो. पण हिशेब होतो तो मार्च 2023 अखेरच्या 3 लाख 44 हजार 652 रुपयांवर. हातात पडतात सुमारे 1 लाख 72 हजार, आणि तेही वर्षातून एकदाच. मधल्या एखाद्या वर्षी किमान 500 रुपये भरायचे राहिले असतील तर तेवढेही नाहीत. आधी थकलेले हप्ते आणि दरवर्षाचा 50 रुपये दंड भरून खातं सुरू करून घ्यावं लागतं.

व्याजाचं म्हणाल तर ते *मोजलं* जातं दर महिन्याला, जमा होतं फक्त 31 मार्चला. पासबुक उघडून बघा, वर्षाला व्याजाची एकच नोंद दिसेल. त्यामुळे व्याजावर व्याज मिळतं ते वर्षाने. महिन्याचं व्याज धरतात ते 5 तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. दीड लाख 4 एप्रिलऐवजी 6 एप्रिलला भरले की एप्रिलचे साधारण 887 रुपये गेले. दरमहा 12,500 भरणाऱ्यांनी तर बँकेतली स्थायी सूचना 7 किंवा 10 तारखेची लावली असेल तर आजच बदलावी, कारण तिथे प्रत्येक हप्त्याचं एका महिन्याचं व्याज जातं.

तीन लाखांची गोष्ट सरळच चूक आहे. पालकाचं स्वतःचं आणि तो चालवत असलेलं अल्पवयीन मुलाचं खातं, दोन्ही मिळून वर्षाला दीड लाखच. नवरा-बायको दोघांची स्वतंत्र खाती असतील तर प्रत्येकाला आपापली मर्यादा मिळते, बहुधा त्यावरूनच हा घोळ झाला असावा. जास्तीच्या रकमेवर व्याज मिळत नाही.