lol म्हणजे हसणं नव्हे, आणि idk म्हणजे 'मला माहीत नाही' नव्हे

गेले काही महिने मी चॅटमधल्या संवादांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतेय. पुस्तकी गद्य नाही, जाहिरात नाही, नुसते मेसेज. दोन माणसं फोनवर टायपत असतात आणि आपण ते मराठीत आणायचं. काम हातात घेताना वाटलं होतं, तीन-तीन शब्दांचे तर मेसेज आहेत, दुपारपर्यंत उरकतील. पहिल्याच दिवशी सहा मेसेजांवर पूर्ण संध्याकाळ गेली. ते सहा मेसेज असे. दोन मैत्रिणी आहेत, विशीतल्या. एकीची त्या दिवशी तोंडी परीक्षा झालीय.

u up?
ya y
ngl that went so bad lol
omg wait what 😭
idk i just froze 💀
nooo come here rn

माझ्याआधी कुणीतरी याचं मराठी करून ठेवलं होतं, ते असं:

तू जागा आहेस का?
होय, का?
खोटं बोलणार नाही, ते खूप वाईट गेलं, मोठ्याने हसत आहे.
अरे देवा, थांब, काय? 😭
मला माहीत नाही, मी फक्त गोठले. 💀
नाही, आत्ता इथे ये.

शब्दाला शब्द लावून बघितलं तर यात फारशी चूक सापडणार नाही. पण वाचताना वाटतं की परीक्षेत नापास होण्याच्या भीतीने एक मुलगी मोठमोठ्याने हसतेय, दुसरी तिला खडसावतेय, आणि दोघींची ओळख कालच झालीय. शिवाय दुसरी मैत्रीण पहिल्या ओळीत 'जागा' आहे, म्हणजे मुलगा, आणि पहिली पाचव्या ओळीत 'गोठले', म्हणजे मुलगी. इंग्रजीला कुणाचं लिंग सांगावं लागत नाही, मराठीला पहिल्या क्रियापदालाच ते कबूल करावं लागतं. त्यामुळे सुरुवात करण्याआधी सगळा संवाद शेवटपर्यंत वाचून कोण कोण आहे, कोण कुणाला 'गं' म्हणेल, हे ठरवूनच घ्यावं. हे मी आता कागदावर लिहून ठेवते.

आता lol कडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

lol ची फोड सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण इंग्रजी चॅट चार दिवस नीट वाचा, lol लिहिणारी माणसं बहुतेक वेळा हसत नसतात. जॉन मॅकव्हॉर्टर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 2013 च्या आपल्या टेड व्याख्यानात हेच दाखवलं होतं: lol आता हसण्याची खूण राहिलेली नाही, ती आपण समोरच्याच्या बाजूने आहोत हे सांगणारी खूण झालीय. व्याकरणात त्याला निपात म्हणतात. स्वतःचा असा अर्थ नाही, पण वाक्याचा सूर तोच ठरवतो.

हे वाचलं आणि मी टेबलावर हात आपटला. कारण निपात म्हटलं की मराठीची तिजोरी उघडते! ना, की, च, हं, बरं का, गं, रे, म्हणजे, आपलं. 'येईन' आणि 'येईन की' यात किती फरक आहे बघा. 'ये', 'ये ना', 'ये हं', 'येच' ही चार वेगवेगळी बोलावणी आहेत. आपल्याकडे हे काम करायला आधीपासून शब्द आहेत, इंग्रजीने चॅटमध्ये येऊन ते काम lol, ngl, idk यांच्याकडून करून घेतलं. म्हणून ही अक्षरं फोडून त्यांचा अर्थ मराठीत आणायला गेलं की फसतं. अक्षरं काय म्हणतात ते सोडा, त्या वाक्यात ती काय करतात ते बघा.

त्या सहा मेसेजांचं मी शेवटी हे केलं:

जागीएस?
हो गं काय
खरं सांगू पार वाट लागली lol
ए थांब थांब काय?? 😭
काय माहीत गं, बोलतीच बंद झाली 💀
ए नाही नाही, तू ये इकडे आत्ता

एकेक सांगते. 'जागी आहेस का' हे बरोबर आहे, पण ते बोलणं आहे, टायपणं नाही. इंग्रजीत u आणि y ही अक्षरं घाई आणि जवळीक दाखवतात. देवनागरीत अक्षर गाळून शब्द आखूड होत नाही, कारण आपलं अक्षर स्वरासकट येतं. आपण आखूड करतो ते शब्द एकमेकांत मिसळून: आहेस चं एस, नाही चं नै, काहीच्या काही चं कैच्या कै. रोमन लिपीत मराठी टायपणारे मात्र स्वर सरळ गिळतात, mg म्हणजे मग, bgh म्हणजे बघ. संवाद रोमनमध्ये द्यायचा असता तर पहिली ओळ jagies? झाली असती आणि माझं काम निम्मं झालं असतं.

तिसऱ्या ओळीत ngl साठी 'खोटं कशाला बोलू' हा माझा लाडका पर्याय होता. सूर अगदी तोच. पण तीन अक्षरांच्या जागी तीन शब्द आले की मेसेज जड होतो, आणि अर्ध्या रात्री रडवेली झालेली मुलगी एवढं टायपत नाही. 'खरं सांगू' वर तडजोड केली. lol तसंच ठेवलं, रोमन लिपीतच. 'हाहा' लिहिलं असतं तर ती खरंच हसतेय असं झालं असतं. ठेवायचं की बदलायचं यासाठी माझी कसोटी साधी आहे: हीच मुलगी मराठीत टायपत असती तर तिने हे अक्षर लिहिलं असतं का? lol, omg, btw, ok हे मराठी चॅटमध्ये केव्हाच मुरलेत, ते खुशाल राहू द्या. smh, म्हणजे shaking my head, लिहिणारी मराठी मुलं मला क्वचितच दिसली, तिथे 'काय बोलावं आता'. आणि एका मेसेजात एकच. दोन ठेवली की मराठी उरत नाही.

(जुनी मंडळी आता म्हणतील, lol ला मराठीत हहपुवा आहे की! आहे, आणि मला तो शब्द फार आवडतो. मायबोली-मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवर हसून हसून पुरेवाट झालेली माणसं मी पाहिलीत. पण हहपुवा म्हणजे खरंखुरं हसणं. परीक्षेत वाट लागल्यावर कुणी हहपुवा लिहीत नाही. उलट, 'हलके घ्या' चं हघ्या jk च्या जागी अगदी चपखल बसतं. पण ते लिहिणारा माणूस चाळिशीच्या पुढचा वाटतो, हे आपल्यातच राहू द्या.)

पाचवी ओळ सगळ्यात अवघड होती. idk मध्ये न-माहितीचा काही संबंध नाही. काय झालं ते तिला पक्कं माहीत आहे, फक्त कबूल करताना ती थोडं मागे सरतेय. मराठीत ते 'काय माहीत गं' मध्ये आपोआप येतं. just साठी 'फक्त' लिहिणं ही तर भाषांतरातली साथच आहे. इथे just म्हणजे च. 'बोलतीच बंद झाली' मधल्या त्या एका च ने ते काम केलं.

शेवटच्या ओळीतल्या nooo ने काही नाकारलेलं नाही, ते जवळ घेणं आहे. इंग्रजी त्यासाठी अक्षर ताणतं. देवनागरीत तेच करायला जाऊन मात्रा दोनदा टाकली की बऱ्याच फोनवर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं, म्हणून मुलं 'नाहीईई' असा वेगळा स्वर लावतात. ते चालतं. पण मराठीची खरी सवय शब्द दोनदा म्हणायची आहे: थांब थांब, नाही नाही, बरं बरं. मी ताणण्याऐवजी दोनदा म्हणवून घेतलं, दोन्ही ठिकाणी.

इमोजींना हात लावला नाही, पण शब्द मात्र त्यांच्याकडे बघून निवडले. 💀 इंग्रजीत 'मेले' म्हणून येतं, बहुतेकदा हसून. पण मराठीत नुसतं 'मेले' म्हटलं तर अर्थ होतो 'आता माझी काही खैर नाही'. हसून मेले असं म्हणायचं तर हसण्याचा उल्लेख करावाच लागतो, किंवा हल्लीच्या मुली लिहितात तसं 'वारले मी'. इथे कवटी हसण्याची नाही, फजितीची आहे, म्हणून 'बोलतीच बंद' शेजारी ती नीट बसली. हाच संवाद पन्नाशीच्या वाचकासाठी असता तर मात्र मी कवटी काढून 🙈 ठेवलं असतं, नाहीतर त्याला ती धमकी वाटली असती.

जमलं की नाही हे कसं कळतं? मी मूळ इंग्रजी न दाखवता मराठी संवाद भाचीला देते आणि तीनच गोष्टी विचारते: या दोघी किती जवळच्या आहेत, हिला रडू येतंय की हसू, आणि हिचं वय काय असेल. आधीचं मराठी वाचून तिने सांगितलं, 'एक बाई आणि तिची क्लासची टीचर'. नवं वाचून म्हणाली, 'हिला रडू येतंय पण ही दाखवत नाहीये.' बास, lol ने जे करायचं होतं ते झालं.

मराठीतून इंग्रजीत जाताना हाच प्रकार उलटा. 'ये ना' चं come केलं तर हुकूम होतो. तिथे ना चं ओझं ताणलेल्या अक्षराला नाहीतर इमोजीला द्यावं लागतं: comeee 🥺. 'येईन की' चं ill come lol. आणि निरोप घेताना लिहिलेलं 'चल, येते' हे gtg आहे. एका भाषांतरात त्याचं come, i am coming झालेलं मी पाहिलंय आणि त्या दिवशी मात्र खरोखर हहपुवा झाली.

आता माझी तक्रार. तपासणाऱ्याकडून फाईल परत आली तेव्हा शब्द सगळे मंजूर होते, फक्त प्रत्येक मेसेजच्या शेवटी पूर्णविराम पडला होता. 'हो गं काय.' वाचा बरं मोठ्याने. 2015 मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाचा एक अभ्यास गाजला होता, त्यात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं होतं. तो प्रयोग इंग्रजीवरचा होता, पण तुमच्या बायकोने, नवऱ्याने किंवा मुलीने 'बरं.' असं उत्तर पाठवलं की पोटात काय होतं ते आठवा. मी सगळे पूर्णविराम काढले आणि एका ओळीची टीप लिहिली: मेसेज संपला हे त्याच्याभोवतीचा फुगा संपल्यावर कळतं.

ते मान्य झालं. पण पुढच्या संवादात एक मेसेज अजून अडलाय. मुलगा दहा ओळींची माफी मागतो आणि मुलगी उत्तर देते, नुसतं k. एकच अक्षर, लहान लिपीतलं, पुढे काही नाही. 'बरं' मध्ये माया येते. 'ठीक आहे' मध्ये माफी मिळून जाते. 'ओके' फार सरळ. सध्या 'हं' वर थांबलेय, पण त्यात ती ऐकून घेतेय असं वाटतं आणि मूळ k मध्ये ती ऐकून घेत नाहीये. तुम्ही काय लिहाल?