तीन पत्रे आणि तीन खोट्या तारखा

'ड्रॅक्युला' मी पहिल्यांदा वाचली ती शाळेत असताना, एका संक्षिप्त मराठी आवृत्तीत. संक्षेप करणाऱ्याने रोजनिश्या, पत्रे, तारा असे सगळे काढून टाकून गोष्ट सरळ निवेदनात सांगितली होती. किल्ला, लांडगे, शवपेट्या, रक्त यांतले काहीच वगळलेले नव्हते, तरी मला म्हणावी तशी भीती वाटली नाही. पुढे कॉलेजात असताना ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची मूळ कादंबरी हाती आली, तेव्हा लक्षात आले की ज्या गोष्टीने अंगावर काटा यावा, तीच नेमकी त्या आवृत्तीतून गाळली गेली होती. ती गोष्ट म्हणजे कागदावरच्या तारखा.

जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील कामानिमित्त ट्रान्सिल्व्हानियात काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर गेला आहे आणि आपण कैदेत आहोत हे त्याला उमगले आहे. १९ मे रोजी काउंट अतिशय गोड शब्दांत त्याच्याकडून तीन पत्रे लिहून घेतो. काम संपत आले असून थोड्याच दिवसांत निघेन, असे पहिल्यात. उद्या सकाळी निघतो, असे दुसऱ्यात. आणि किल्ला सोडून बिस्ट्रिट्झला पोहोचलो, असे तिसऱ्यात. त्यांवर तारखा घालायच्या त्या अनुक्रमे १२, १९ आणि २९ जूनच्या. हार्कर त्या मुकाट्याने घालतो आणि आपल्या आयुष्याची मुदत आता आपल्याला कळली, अशी नोंद रोजनिशीत करून ठेवतो. हीच रोजनिशी लघुलिपीत आहे म्हणून वाचते, कारण काउंटला ती लिपी येत नाही. हार्करने चोरून पाठवू पाहिलेले लघुलिपीतले पत्र काउंटच्या हाती लागते, तेव्हा ते वाचता न आल्याने तो सरळ दिव्यावर धरून जाळतो.

हार्करची रोजनिशी ३० जूनला तुटते आणि पान उलटल्यावर ९ मे ही तारीख दिसते. तिकडे इंग्लंडमध्ये त्याची वाग्दत्त वधू मीना आपल्या मैत्रिणीला, ल्यूसीला, टंकलेखनाच्या सरावाबद्दल हसतखेळत लिहीत असते. पुढे २६ जुलैच्या नोंदीत ती लिहिते की जोनाथनचे पत्र आले आहे, पण एकाच ओळीचे: घरी यायला निघतो आहे, एवढेच. हे त्याच्यासारखे वाटत नाही, असे तिला वाटून जाते. ते पत्र कोणी लिहवून घेतले हे मला ठाऊक असते, तिला नसते, आणि तिला सांगायची काही सोय नसते. सरळ निवेदनात लेखकाला इथे 'बिचारीला काय माहीत' अशा छापाचे वाक्य घालावे लागले असते. पत्ररूप कादंबरीत ते वाक्य वाचक स्वतःच्या मनात म्हणतो, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

ल्यूसीच्या मृत्यूच्या सुमारास हे आणखी टोकाला जाते. आज रात्री ल्यूसीच्या घरी थांबायला चुकू नकोस, अशी तार तिच्यावर उपचार करणारे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग १७ सप्टेंबरला आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, डॉक्टर सेवर्डला, पाठवतात. पत्त्यात परगण्याचे नाव नसल्यामुळे ती भलत्याच परगण्यात जाते आणि बावीस तास उशिरा पोहोचते. ही माहिती तारेच्या मथळ्यात कंसात दिलेली आहे, एखाद्या टपाल कारकुनाने शेरा मारावा तशी. त्याच दिवशी मीनाने ल्यूसीला नव्या संसाराविषयी लिहिलेले आनंदी पत्रही कादंबरीत आहे आणि त्याच्या मथळ्यात नोंद आहे की ते ल्यूसीने उघडलेच नाही. जिच्यासाठी ते लिहिले तिने न वाचलेले पत्र आपण वाचत असतो. आमच्या घरी आजोबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या नावे एक आंतरदेशीय पत्र आले होते. ते कोणी फोडायचे यावर मोठी माणसे बराच वेळ काही बोलली नव्हती, ते मला या पानावर हटकून आठवते.

या तंत्राला मर्यादा आहेत आणि स्टोकरला त्या टाळता आलेल्या नाहीत. शेजारी आई मरून पडलेली आणि खिडकीची काच लांडग्याने फोडलेली असताना ल्यूसी सविस्तर टिपण लिहून ठेवते, हे कितीही सवलत दिली तरी पटत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मीना सगळ्या रोजनिश्या, अगदी सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेलीसुद्धा, टंकलिखित करून तारीखवार लावते आणि सर्वजण ते बाड वाचून काढतात. इथे पात्रांना तेवढेच कळते जेवढे मला आधीपासून माहीत होते. कथेच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे, पण माझी एकट्याची ती अस्वस्थ जाणीव तिथे संपते. पुढचा पाठलाग वेगवान असला तरी मी तो जरा निवांतपणे वाचतो.

शेवटच्या टिपणात हार्कर कबूल करतो की नंतरच्या काही वह्या आणि व्हॅन हेल्सिंगचे एक टाचण सोडले, तर या साऱ्या प्रकरणाचा अस्सल कागद आपल्याजवळ जवळपास एकही उरलेला नाही. आहेत त्या फक्त टंकलिखित प्रती. काउंटने मूळ हस्तलिखित आणि फोनोग्राफची मेणाची नळकांडी मध्येच जाळून टाकलेली असतात. साडेतीनशेहून अधिक पाने मी ज्या तारखांवर विसंबून घाबरलो, त्या सगळ्या मीनाने पुन्हा टंकलेल्या होत्या, हे तिथे पहिल्यांदा ध्यानात आले आणि मी परत ३ मेची पहिली नोंद काढून बसलो.